ग्रेन, व्हिनेट, ग्लिच: ॲनिमेशन गढूळ करणाऱ्या या चुका टाळा

रात्रीचा शॉट घेऊ. सपाट रंगांचं टूडी ॲनिमेशन, १९२० × १०८०, सेकंदाला २४ फ्रेम्स. गडद निळं आकाश (#101A33), रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड, काळ्या आउटलाइनमधला मुलगा. आफ्टर इफेक्ट्समध्ये यावर ग्रेन, व्हिनेट आणि ग्लिच चढवले की चित्र धुळकट दिसायला लागतं. बहुतेक वेळा दोष इफेक्टमध्ये नसतो. तो कोणत्या क्रमाने आणि कुठल्या टोनवर लावला, यात असतो.

सगळ्यात जास्त घोटाळा ग्रेन करतो, आणि तोही काळोखात. या आकाशात लाल चॅनेलची किंमत फक्त १६ आहे. ग्रेनने एका पिक्सेलमध्ये ३० मिळवले तर ४६ होतात, पण दुसऱ्यातून ३० वजा केले तर उणे १४ होत नाहीत, ० वरच थांबतात. सरासरी १६ ची २३ होते. म्हणजे ग्रेनने काळोख नुसता खडबडीत केला नाही, तो उजळवला. दुधाळ काळा दिसतो तो यामुळेच. मग लोक कॉन्ट्रास्ट वाढवतात, आणि त्याने ग्रेन आणखी उठून दिसतो.

उपाय सोपा आहे. ग्रेन थेट चित्रावर लावू नका. वर #808080 रंगाचा सॉलिड घ्या, त्यावर Add Grain लावा आणि लेयरचा मोड Overlay ठेवा. तोच ३० चा चढउतार आता आकाशात साधारण १२ ते २० मध्येच हलतो आणि सरासरी १६ च राहते. रंगीत ठिपके नको असतील तर Monochromatic चालू करा. Viewing Mode मात्र Final Output वर न्यायला विसरू नका. सुरुवातीला तो फक्त एका चौकोनात ग्रेन दाखवतो आणि माणूस गोंधळतो. प्रोजेक्ट लिनियर ब्लेंडिंगवर असेल तर हा करडा तटस्थ राहत नाही, पूर्ण चित्र काळवंडतं. तसं दिसलं तर आधी ती सेटिंग बघा.

ग्रेन तपासताना व्ह्यूअर १०० टक्क्यांवर आणि Full रिझोल्यूशनवर हवा. अर्ध्या आकारात शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, ग्रेन कमी वाटतो आणि हात सैल सुटतो.

आता व्हिनेट. काळ्या सॉलिडला मास्क मारून अपारदर्शकता कमी केली की झालं, असं वाटतं. पण पिवळा काळ्याने गडद केला की शेवाळी-तपकिरी दिसतो, आणि आपल्या शॉटमधला दिव्याचा उजेड कडेला पोचतो तिथे नेमका मळ साचल्यासारखा दिसेल. काळ्याऐवजी Multiply मोडमध्ये पॅलेटमधलाच गडद रंग घ्या: उजेडाच्या बाजूला तांबूस तपकिरी, आकाशाच्या बाजूला निळा. मुलगा कडेला आला तर त्याची काळी आउटलाइन अंधारात बुडते, म्हणून व्हिनेट शक्यतो पार्श्वभूमीवरच ठेवा. आकाशात कड्या-कड्या दिसत असतील तर प्रोजेक्ट ८ वरून १६ बिटवर न्या आणि ग्रेन व्हिनेटच्या वर ठेवा. हलका ग्रेन त्या पट्ट्या मोडून टाकतो. त्याचा हा उपयोग मला दिसण्यापेक्षाही मोलाचा वाटतो.

म्हणून खालून वर क्रम असा: चित्र, ग्लिच, व्हिनेट, ग्रेन. ग्लिच सगळ्यांच्या वर टाकला तर तो व्हिनेटची काळी कडाही ओढत मध्ये आणतो, आणि सिग्नल तुटल्याऐवजी काच पुसायची राहिल्यासारखं वाटतं. चित्र दोन-दोन फ्रेम्सवर चालत असेल आणि त्यासाठी Posterize Time असेल, तर ग्रेन त्याच्याही वर हवा. नाहीतर दाणे चित्राबरोबर थबकतात आणि पडद्यावरच्या डागांसारखे दिसतात.

ग्लिचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन ते पाच फ्रेम्सचा झटका द्या, कीफ्रेम्स Hold ठेवा, आणि मग पूर्ण साफ चित्र परत येऊ द्या. लाल-निळ्या चॅनेलचं एक-दोन पिक्सेलचं सरकणं पूर्ण शॉटभर चालू ठेवणं टाळा. आउटलाइन दोन-तीन पिक्सेलची असते, ती सतत दुहेरी झाली की ग्लिच जाणवत नाही, फोकस गेलाय असं वाटतं.

शेवटी एक्स्पोर्ट. बदलते दाणे साठवायला एन्कोडरला बराच बिटरेट लागतो. तो कमी पडला की दाणे पुसले जातात आणि आकाशात चौकोनी चट्टे उरतात. मास्टर फाइल स्वच्छ असूनही अपलोडनंतर गढूळ दिसण्याचं हे नेहमीचं कारण. आधीच मुद्दाम कमी बिटरेटवर काढून बघा:

```
ffmpeg -i shot.mov -c:v libx264 -b:v 2M -pix_fmt yuv420p test.mp4
```

यात चट्टे दिसले तर ग्रेन बंद करून पुन्हा काढा. चट्टे गेले तर ग्रेनची Intensity कमी करा किंवा Size थोडा वाढवा, कारण बारीक दाणे आधी पुसले जातात. ग्रेनशिवायही चट्टे राहिले तर दोष बहुधा व्हिनेटच्या ग्रेडियंटचा आहे.