पिनने जोडलेली फ्रेम कशी सोडवायची: शिडीचं एक गणित घेऊन

ट्रस शिकून झाल्यावर फ्रेम आली की बरेच जण तीच ट्रसची सवय इकडे लावतात, म्हणजे प्रत्येक मेंबरमधला फोर्स मेंबरच्या लांबीतूनच जातो असं धरून चालतात आणि तिथेच गणित चुकतं. मेंबरच्या मधेच कुठे लोड किंवा तिसरी पिन असेल तर फोर्स कुठल्याही दिशेला जाऊ शकतो, म्हणून फ्रेम सुटी करावीच लागते.

आपण दोन पायांची घडीची शिडी घेऊ. उंची ४ मीटर, खाली दोन पायांत अंतर ६ मीटर (आकडे सोपे पडावेत म्हणून, एवढी फाकलेली शिडी कोणी वापरत नाही). वर दोन्ही पाय एका पिनने जोडलेले, आणि बरोबर अर्ध्या उंचीवर म्हणजे २ मीटरवर एक आडवी पट्टी, तिची दोन्ही टोकं पायांना पिनने अडकवलेली. डावा पाय जमिनीला पिनने धरलाय, उजवा रोलरवर आहे. डाव्या पायावर ६०० न्यूटन लोड खाली, डाव्या टोकापासून आडवं २ मीटरवर. मेंबरचं स्वतःचं वजन सोडून देऊ.

आधी अख्खी शिडी एकच वस्तू समजून एफबीडी काढा. वरची पिन आणि पट्टी यांचे फोर्स यात दाखवायचेच नाहीत, ते आतले आहेत, जोडीजोडीने एकमेकांना मारतात. डाव्या टोकाभोवती मोमेंट घेतला तर ६०० × २ = उजवी रिअ‍ॅक्शन × ६, म्हणून उजवीकडे २०० न्यूटन वर, डावीकडे ४०० वर. आडवा बाहेरचा फोर्स कुठलाच नाही म्हणून डाव्या पिनला आडवी रिअ‍ॅक्शन शून्य.

आता शिडी सुटी करा. पट्टीवर फक्त दोन टोकांनाच फोर्स आहेत, मधे काही नाही, त्यामुळे तिच्यातला फोर्स पट्टीच्या रेषेतच असणार. तो ताण आहे असं धरू, नाव T. पट्टी दोन्ही पायांना आत ओढते: डाव्याला उजवीकडे, उजव्याला डावीकडे.

वरच्या पिनची दिशा मात्र आधी माहीत नाही. उजव्या पायावर H उजवीकडे आणि V वर असं धरा. मग न्यूटनचा तिसरा नियम लागतो: डाव्या पायावर तोच H डावीकडे आणि तोच V खाली. बाण काढतानाच उलटे काढा, नाव तेच ठेवा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दोन्ही चित्रांत बाण एकाच दिशेला काढले तर नियमच मोडला, आणि बाण उलटा काढून वर नावापुढे मायनसही लावला तर दोनदा उलटवल्यामुळे परत तेच.

उजवा पाय आधी घ्या, त्यावर लोड नाही. वरच्या पिनभोवती मोमेंट घेतला की H, V दोन्ही गायब:

२०० × ३ = T × २, म्हणजे T = ३००

आडवं बघितलं तर H = T = ३००. उभं बघितलं तर V + २०० = ०, म्हणजे V = −२००. मायनस आला म्हणून बाण पुसून उलटा करायचा मोह होतो, तो टाळा. चित्र तसंच ठेवा आणि डाव्या पायाच्या समीकरणात V च्या जागी −२०० तसाच टाका, कारण मधेच एका चित्रातला बाण बदलला आणि दुसऱ्यातला विसरला की सगळं बिघडतं.

आता डावा पाय तपासायला वापरा, उत्तर काढायला नाही. उभं: ४०० − ६०० − V = ४०० − ६०० + २०० = ०. आडवं: T − H = ३०० − ३०० = ०. खालच्या टोकाभोवती मोमेंट, डावीकडे फिरवणारा प्लस: लोडचा −१२००, पट्टीचा −६००, वरच्या पिनचा ३०० × ४ + २०० × ३ = १८००, बेरीज शून्य. जमलं.

उजव्या पायाला वर ३०० उजवीकडे आणि २०० खाली असा फोर्स मिळतोय, म्हणजे ३:२ उतार, आणि पाय स्वतः ३:४ उतारावर आहे. फोर्स पायाच्या रेषेत नाहीच, कारण पट्टी मधेच ओढतेय. ट्रसवाली पद्धत इथे का फसते ते यातच दिसतं. पिनची जाडी ठरवायची असेल तर तिच्यावरचा एकूण फोर्स हवा, तो √(३००² + २००²), साधारण ३६१ न्यूटन.

लोड नेमका वरच्या पिनवरच टांगला असता तर? तो कुठल्याही एकाच मेंबरवर लिहा (किंवा पिनचीच वेगळी एफबीडी काढा), दोन्हीकडे लिहिला तर लोड दुप्पट होतो.

आणि सुरू करण्याआधी मोजून घ्या: इथे बाहेरच्या तीन रिअ‍ॅक्शन, T, H, V मिळून ६ अज्ञात आणि दोन पायांची तीन-तीन समीकरणं. उजवा पायही पिनने जमिनीला धरला तर अज्ञात ७ होतात, मग नुसत्या समतोलावर ही शिडी सुटत नाही, मेंबर किती वाकतो-ताणतो ते धरावं लागतं. पट्टी काढून टाकली की परत ६ वर येते आणि सुटते.