रोजमेळाच्या फोटोवरून चालू शिल्लक

सोलापुरातल्या चादरीच्या दुकानात रोजमेळ अजून हातानेच लिहितात. त्या पानाच्या फोटोवरून रोख खात्याचा तक्ता हवा असेल, तर असं करा.

१. पान सपाट ठेवून वरून फोटो घ्या. गूगल लेन्सने मजकूर उचला आणि शीटमध्ये तारीख, तपशील, डेबिट, क्रेडिट, शिल्लक अशा A ते E रकान्यांत लावा.

२. डावीकडची जमा बाजू डेबिटमध्ये, उजवीकडची नावे बाजू क्रेडिटमध्ये. इथेच बहुतेकांची उलटापालट होते. रोख आली की रोख खातं डेबिट होतं.

३. आरंभीची शिल्लक E2 मध्ये टाका. E3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=E2+C3-D3
```

आरंभी ४,२५०, चादर विक्री ६,८००, मजुरी ३,१५०, लाइट बिल १,९४० असेल, तर शेवटी ५,९६० यायला हवेत. वहीतल्या अखेरच्या शिल्लकेशी ताडून पाहा. ६,४१० आले, तर फरक ४५० चा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधा. इथे १,९४० चे १,४९० झालेत.

रक्कम रकान्यात डावीकडे चिकटली, तर शीट तिला मजकूर समजतंय. ती इंग्रजी अंकांत पुन्हा टाइप करा.