प्रॉडक्ट कंपनी की सर्व्हिस कंपनी? पहिली ऑफर स्वीकारताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीत ज्याचं घरचं कोणी कामाला आहे, त्याला हा फरक वेगळा समजवावा लागत नाही. एक फाउंड्री गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे कास्टिंग ओतून देते, म्हणजे जॉबवर्क करते. दुसरी स्वतःचा पंप बनवून स्वतःच्या नावानं विकते. सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. सर्व्हिस कंपनी दुसऱ्याचं काम करून देते आणि बहुतेक वेळा माणूस आणि तास मोजून पैसे घेते. प्रॉडक्ट कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवते आणि त्याच्या लायसन्सवर किंवा वर्गणीवर जगते.

पैसे कुठून येतात यावरून तुमचा दिवस कसा जाईल हे बऱ्याच अंशी ठरतं. सर्व्हिस कंपनीत तुमच्या नावानं क्लायंटला बिल लागलं तर तुम्ही ‘बिलेबल’, नाही तर ‘बेंचवर’. म्हणून तिथं तुम्हाला काय शिकायचंय यापेक्षा आज कोणत्या क्लायंटला कोण हवंय, हे आधी बघितलं जातं. प्रॉडक्ट कंपनीत तेच सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चालवायचं असतं. त्यामुळं आज तुम्ही लिहिलेला कच्चा कोड सहा महिन्यांनी तुमच्याच डोक्यावर येऊन पडतो आणि त्यातूनच शिकणं होतं. पण ते प्रॉडक्ट खपलं नाही, तर अख्खी टीम एका दिवसात बंद होऊ शकते.

कोल्हापुरातून कॅम्पसमधून बाहेर पडणारी मुलं इथपर्यंत बरोबर असतात. चुका होतात त्या यापुढं.

चूक १: कंपनीची पाटी वाचणं, जागा न वाचणं

‘प्रॉडक्ट कंपनी आहे’ एवढ्यावर होकार देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. प्रॉडक्ट कंपनीतही बरीच माणसं प्रॉडक्ट बनवत नसतात. इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर, प्रॉडक्ट सपोर्ट, प्रोफेशनल सर्व्हिसेस या नावांच्या जागा म्हणजे गिऱ्हाइकाकडं जाऊन सॉफ्टवेअर बसवणं, सेटिंग लावणं, एसक्यूएल चालवणं आणि तक्रारी मिटवणं. काम वाईट नाही, पण ते सर्व्हिसचंच काम आहे. दोन वर्षांनी डेव्हलपरच्या मुलाखतीला बसलात की दाखवायला स्वतःचा कोड नसतो.

उलट बाजूही तितकीच खरी. फिनॅकल हे बँकिंग सॉफ्टवेअर इन्फोसिसच्या घरचं आहे, बॅन्क्स टीसीएसचं. दोन्ही कंपन्या सर्व्हिसच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्या टीमचं काम प्रॉडक्टचं आहे. पुण्याची पर्सिस्टंट तर मुळात इतर सॉफ्टवेअर कंपन्यांची प्रॉडक्ट बनवून देण्याच्या धंद्यातून वाढली. म्हणजे सर्व्हिस, पण प्रॉडक्ट इंजिनिअरिंगची. पुण्यात तिसरा प्रकारही भरपूर आहे: परदेशी बँका आणि वाहन कंपन्यांची स्वतःची केंद्रं. तिथं क्लायंट आणि मालक एकच.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का?’ असं आलं की हे चार प्रश्न विचारा:

- या टीमनं मागच्या महिन्यात काय रिलीज केलं?
- रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कुणाला जातो?
- याआधी आलेल्या फ्रेशरनं पहिला कोड किती दिवसांत रिव्ह्यूला टाकला, आणि तो कुणी तपासला?
- माझं पद आणि टीम ऑफर लेटरवर लिहिलेली असेल का?

पहिल्या प्रश्नाला ठोस उत्तर आलं नाही, तर ती टीम काही बनवत नाही असं समजायला हरकत नाही. तिसऱ्याला ‘दोन-तीन आठवडे, आणि तपासायला अमुक सीनियर’ असं उत्तर आलं, तर ती जागा पाटीवर काहीही लिहिलेलं असो, चांगली. मोठ्या सर्व्हिस कंपनीच्या सामूहिक भरतीत मात्र या प्रश्नांना उत्तर मिळणारच नाही. तिथं प्रोजेक्ट ट्रेनिंगनंतर ठरतो आणि मुलाखत घेणाऱ्यालाही तो माहीत नसतो. ही अनिश्चितता हिशेबात धरूनच ती ऑफर घ्यायची.

चूक २: सीटीसीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवणं

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा, कसबा बावड्यातल्या एका मुलीकडं पुण्याच्या दोन ऑफर आहेत. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणारा एकूण खर्च, सर्व्हिस कंपनीत ३,६०,००० आहे, प्रॉडक्ट कंपनीत ६,००,०००. कागदावर महिन्याला २०,००० चा फरक दिसतो.

प्रॉडक्ट कंपनीचे सहा लाख फोडले तर असे निघतात: फिक्स्ड ४,२०,०००, व्हेरिएबल ६०,०००, ईसॉप ७०,००० आणि जॉइनिंग बोनस ५०,०००. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुतेक कंपन्या तो परत मागतात. ईसॉप म्हणजे पुढं ठरलेल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क. कायद्यानं पहिलं वर्ष तो हातात येतच नाही, आणि पूर्ण मिळायला सहसा चार वर्षं लागतात. कंपनी शेअर बाजारात नसेल तर ते शेअर विकायला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. हक्क वापरला की कर मात्र त्या वेळच्या किमतीच्या फरकावर लागतो. पहिल्या नोकरीत ही रक्कम शून्य धरून चाला.

व्हेरिएबल कामगिरीवर ठरतं, त्यामुळं तेही बाजूला ठेवा. उरले ४,२०,०००. यातच कंपनीचा पीएफचा वाटा महिना १,८०० म्हणजे वर्षाला २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १०,१०० (बेसिकच्या ४.८१ टक्के, बेसिक निम्मा धरून) धरलेले असतात. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्यावरच मिळते. हे वजा करून बाराने भागलं की महिन्याला सुमारे ३२,३५० येतात. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३०,३५० च्या आसपास.

सर्व्हिस कंपनीच्या ३,६०,००० मध्ये व्हेरिएबल २४,००० आहे असं धरू. त्याच पद्धतीनं व्हेरिएबल, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर काढला की हातात सुमारे २३,५०० राहतात. इतक्या पगारावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही, त्यामुळं तो प्रश्न नाही.

म्हणजे खरा फरक २०,००० चा नाही, जेमतेम ६,८५० चा. आता त्या मुलीला विचारायला हवं की प्रॉडक्ट कंपनीतलं पद काय आहे. ते ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असेल आणि वरच्या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली असतील, तर आमच्या मते तिनं तीच घ्यावी, पगार सारखा असता तरीही. पद ‘इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर’ असेल, तर ६,८५० साठी जाण्यात अर्थ नाही. ‘वर्षानं डेव्हलपमेंटला घेऊ’ असं एचआर म्हणाले तर ते मेलवर मागा. मेल येत नसेल तर ते आश्वासन नाही.

कोल्हापुरातच राहून ताराबाई पार्कात किंवा राजारामपुरीत १८,००० ची नोकरी मिळत असेल, तर तीही याच हिशेबात बसवा. पुण्यात खोली, जेवण आणि येण्या-जाण्याला महिन्याला १२-१५ हजार सहज जातात. शिल्लक रकमेत घरची नोकरी अनेकदा वर येते. तिथं बघायचं एवढंच की तुमचा कोड तपासणारं कोणी आहे का. तीन जणांच्या ऑफिसात सगळं तुम्हीच करत असाल आणि चूक दाखवणारं कोणी नसेल, तर दोन वर्षांत चुकाच पक्क्या होतात.

चूक ३: कंपनी जिवंत आहे का, हे न तपासणं

छोट्या प्रॉडक्ट कंपनीच्या बाबतीत हे अर्ध्या तासाचं काम आहे. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये कंपनीचं नाव टाका. दर महिन्याला किती जणांचा पीएफ भरला आणि कधी भरला, हे तिथं फुकट दिसतं. ६० चे ४५ आणि ४५ चे ३० होत आले असतील, किंवा भरणा दोन-दोन महिने उशिरा होत असेल, तर पगारही उशिरा होत असण्याची शक्यता मोठी. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर कंपनी या यादीत नसूही शकते. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. कंपनी कधी नोंदली गेली, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं.

नोकरीसाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागणाऱ्याकडं मात्र काही तपासायची गरज नाही. तिथून परत फिरा.

चूक ४: बॉण्ड न वाचता सही

‘बॉण्डला कायद्यात काही अर्थ नसतो’ हे होस्टेलवरचं ज्ञान आता धोक्याचं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षं नोकरी नाही तर दोन लाख रुपये, असा बॉण्ड वैध ठरवला. प्रत्येक बॉण्ड तसाच टिकेल असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते. पण सही करताना ‘भरावेच लागतील’ असं धरूनच करा. मुदत नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात की ट्रेनिंग संपल्यापासून, आणि रक्कम महिन्यागणिक कमी होते का, हे दोन मुद्दे बघा. मूळ मार्कशीट किंवा पदवी प्रमाणपत्र ठेवून घेत असतील तर देऊ नका. मूळ प्रती दाखवा, छायांकित प्रती द्या.

निवड चुकली असेल तर

सर्व्हिस कंपनीत ट्रेनिंग संपून बेंचवर बसला असाल, तर थांबून राहणं सगळ्यात वाईट. टीसीएसनं २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल आणि बेंच जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम आणला. बेंच म्हणजे विश्रांती, हा समज तिथंच मोडतो. माणसं वाटणाऱ्या टीमला, म्हणजे आरएमजीला, दर आठवड्याला मेल करा. त्यात दहा नव्हे, दोनच तंत्रं लिहा. ‘जावा, स्प्रिंग बूट, डेटाबेससह छोटा प्रोजेक्ट पूर्ण’ असं वाचलं की त्यांना तुमचं नाव कुठं बसवायचं ते कळतं. ‘काहीही चालेल’ लिहिलं की सपोर्टचा प्रोजेक्ट पदरात पडतो.

सपोर्टमध्ये अडकलाच असाल, तर तीन महिन्यांच्या तिकिटांची, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींची, यादी काढा आणि पुन्हा पुन्हा येणारं एक तिकीट निवडा. त्याचं मूळ कारण शोधा, कोड वाचायची परवानगी मागा आणि दुरुस्ती सुचवा. ‘दर सोमवारी येणारी अमुक तक्रार या बदलानं बंद झाली’ हे वाक्य मुलाखतीत ‘५०० तिकिटं बंद केली’ यापेक्षा कितीतरी जड पडतं.

बाहेर पडायचं ठरलं की आधी नोटीस पिरियड बघा. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत तो अनेकदा ९० दिवसांचा असतो, आणि छोट्या प्रॉडक्ट कंपन्या ३० ते ४५ दिवसांपलीकडं थांबायला तयार नसतात. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, की ते मॅनेजरच्या मर्जीवर आहे, हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं असतं. पहिल्या मुलाखतीतच ‘नोटीस ९० दिवसांची आहे, पैसे भरून ४५ करता येईल’ असं सांगा. नवी ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, आणि बाहेर पडताना रिलीव्हिंग लेटर घ्या. पुढची कंपनी तेच मागते.