भिंतीला टेकून बसताना मांड्या थरथरतात? या चुका टाळा

भिंतीला पाठ टेकायची, पावलं दीड-दोन फूट पुढे घ्यायची आणि गुडघे काटकोनात येईपर्यंत खाली सरकायचं. शाळेत शिक्षा म्हणून करायला लावायचे ती खुर्ची हीच. जिममध्ये तिला वॉल सिट म्हणतात. पहिली वीस सेकंदं सोपी जातात, मग मांडीच्या पुढच्या भागात जळजळ सुरू होते आणि थोड्याच वेळात दोन्ही मांड्या थरथरायला लागतात. प्लँकमध्ये पोट थरथरतं, जड डंबेल वर नेताना दंड थरथरतो. पण मी फिजिओथेरपिस्ट म्हणून ही थरथर सगळ्यात जास्त पाहते ती या खुर्चीतच, आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त आहेत.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एक बाई पंचेचाळिशीच्या होत्या. बँकेत दिवसभर बसून काम. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन मिनिटांच्या वॉल सिटचं चॅलेंज सुरू झालं होतं. त्या रोज सकाळी रिकाम्या पोटी, कोरी कॉफी पिऊन ते करायच्या. चाळिसाव्या सेकंदाला पाय थरथरायचे, तरी दात-ओठ खाऊन दीड मिनिट काढायच्या. थरथर म्हणजे अंगातलं मीठ कमी झालं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ओआरएसही सुरू केलं. दहा दिवसांनी थरथर तशीच राहिली आणि वर गुडघ्याची वाटी दुखायला लागली. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यांच्या या दहा दिवसांत सापडतात.

चूक पहिली: थरथरीला अशक्तपणा, मीठ किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड समजणं

स्नायू एका दोरीसारखा एकसंध ओढला जात नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत चेतापेशी असतात. तिथली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून होतं एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटकडे मोजकेच तंतू असतात, तर पोटरीत ते हजाराच्या घरात जातात. चेतापेशीने एक संदेश सोडला की तिचे सगळे तंतू एकदम झटका देतात आणि सैल पडतात. एकच संदेश आला तर एकच झटका. संदेश भराभर आले तर एक झटका ओसरायच्या आत दुसरा त्यावर चढतो आणि ओढ सलग होत जाते.

खुर्चीत बसल्यावर प्रत्येक युनिट सेकंदाला साधारण दहाच्या आसपास संदेश सोडत असतं. एवढ्या वेगात एकट्या युनिटचे झटके पूर्ण मिसळत नाहीत. तरीही पाय स्थिर दिसतो, कारण शेकडो युनिटं वेगवेगळ्या क्षणी झटका देतात. एकाचा झटका ओसरतो तेव्हा दुसऱ्याचा चढत असतो. मिरवणुकीत पुष्कळ ताशे एकदम वाजतात तेव्हा टिपऱ्यांचे सुटे आघात ऐकू येत नाहीत, सलग तडतड ऐकू येते. सुरुवातीचा पाय तसाच असतो.

मेंदू ही युनिटं ठरावीक क्रमाने कामाला लावतो: आधी लहान, मग मोठी. हा नियम एलवूड हेनेमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1957 साली मांडला. लहान युनिटांचे तंतू हळू आकुंचन पावतात, बळ थोडं देतात, पण दमत नाहीत. मोठी युनिटं दणकट आणि वेगवान असतात, आणि लवकर थकतात.

आता तिसावं सेकंद बघू. ताणलेला स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे मांडीत येणारं रक्त बरंच कमी होतं. तंतूंच्या आत फॉस्फेट साचतं, बाहेर पोटॅशियम साचतं. आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम पहिल्याइतकं सुटत नाही आणि प्रत्येक झटक्याचं बळ घटतं. शरीराचं वजन मात्र तेवढंच आहे. म्हणून मेंदू राखीव मोठी युनिटं एकेक करून मैदानात उतरवतो. ही नव्याने आलेली युनिटं सुरुवातीला संथ गतीने संदेश सोडतात आणि त्यांचा प्रत्येक झटका मात्र मोठा असतो. ताशांच्या तडतडीत आता मोजके मोठे ढोल घुसले. त्यांचा प्रत्येक ठोका सुटा कळतो. बाहेरून आपल्याला तीच थरथर दिसते.

तिला आणखी हेलकावा देतं ते स्नायूतलं ताणमापक. प्रत्येक स्नायूत स्पिंडल नावाचे बारीक अवयव असतात. मांडी किंचित ढिली पडून ताणली गेली की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून ‘आकुंचन पाव’ असा उलट निरोप येतो. निरोप जाऊन यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात पाय थोडा खाली गेलेला असतो. मग स्नायू गरजेपेक्षा जास्त ओढतो, पाय वर येतो, आणि पुन्हा तेच. निरोगी माणसाच्या बोटांतही सेकंदाला 8 ते 12 वेळा असा सूक्ष्म कंप असतोच, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. दमल्यावर तोच मोठा होतो. मांडीसारख्या जड भागात तो थोडा संथ वाटतो.

यात मिठाचा संबंध कुठे येतो? चाळीस सेकंदांत कुणाचं मीठ संपत नाही. उन्हात तास-दोन तास घाम गाळला असेल तर ती गोष्ट वेगळी. लॅक्टिक अ‍ॅसिडवर पिढ्यान्‌पिढ्या फोडलेलं खापरही बरंचसं चुकीचं आहे. त्याच्यापेक्षा फॉस्फेट आणि पोटॅशियमचा वाटा मोठा आहे. त्या बाईंचं ओआरएस मी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

चूक दुसरी: थरथर आली म्हणजे आता खरा व्यायाम सुरू, असं मानणं

ही मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती शिकवली जाते. थरथर एवढंच सांगते की राखीव युनिटं कामाला लागली आहेत आणि साठा संपत चालला आहे. स्नायू वाढेल की नाही याचं ते माप नाही. तीच व्यक्ती, तोच कोन, पण रात्री झोप कमी झाली तर थरथर दहा सेकंद आधी येते. मग त्या दिवशी व्यायाम जास्त चांगला झाला म्हणायचा का?

थरथरीनंतर रेटत राहिलं की शरीर चोरवाटा शोधतं. बाईंना मी माझ्यासमोर खुर्ची करायला सांगितली. पंचेचाळिसाव्या सेकंदाला गुडघे आत वळू लागले, मग वजन उजव्या पायावर सरकलं, मग पाठ भिंतीवरून सुटली. म्हणजे शेवटचं अर्धं मिनिट त्या मांडीचा व्यायाम करतच नव्हत्या. काटकोनातल्या गुडघ्यात वाटीवर आधीच मोठा दाब असतो, आणि गुडघा आत वळला की तो एका बाजूला एकवटतो. त्यांची वाटी त्यामुळे दुखत होती.

आम्ही कोन बदलला. मांड्या जमिनीला समांतर ठेवण्याऐवजी नितंब गुडघ्यांपेक्षा वीतभर वर ठेवले. तीस सेकंदांचे चार डाव आणि मध्ये पूर्ण दोन मिनिटं विश्रांती. दोन मिनिटं अशासाठी की तंतूंमधला तात्काळ ऊर्जेचा साठा, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेक पूर्ण होतो. वीस सेकंदांत पुन्हा बसलं तर पुढचा डाव थरथरीनेच सुरू होतो. थांबण्याची खूण आम्ही थरथर ठरवली नाही, गुडघा ठरवली: आरशात गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतून आत गेला की उठायचं. हलकी थरथर चालेल, रेषा सुटलेली चालणार नाही.

चौथ्या आठवड्यात त्याच उंचीवर सलग बसवून पाहिलं, तर त्यांची थरथर सत्तराव्या सेकंदाला सुरू झाली. एवढ्या थोड्या काळात स्नायू फारसा जाड होत नाही. बदलतं ते नियंत्रण: युनिटांचे संदेश अधिक एकसारखे येतात आणि मांडीच्या मागचे स्नायू विनाकारण विरोधात ओढायचे थांबतात.

चूक तिसरी: श्वास कोंडणं आणि सगळं अंग आवळणं

थरथर दिसली की लोक जबडा, खांदे, मुठी, सगळं आवळतात. गुडघ्याच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढू लागले की पुढच्या स्नायूचं काम वाढतं आणि मोठी युनिटं आणखी लवकर उतरवावी लागतात. श्वास कोंडल्याने रक्तदाबही झपाट्याने वर जातो; ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे अजिबात करू नये. मी मोठ्याने आकडे मोजायला सांगते. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

चूक चौथी: कॉफी, पंप आणि रिकामं पोट हिशेबात न घेणं

अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की हळू तंतूंचे झटके आखूड होतात. झटका लवकर ओसरला की पुढचा यायच्या आत फट पडते आणि कंप वाढतो. दम्याचा साल्ब्युटॅमॉलचा पंप घेतल्यावर हात कापतात ते याच वाटेने. कॉफी, परीक्षेची धास्ती आणि उपाशीपोटी उतरलेली साखरही कंप वाढवतात. बाईंनी कोरी कॉफी व्यायामानंतर घ्यायला सुरुवात केली आणि आधी अर्धं केळं खाल्लं, तेवढ्यानेच थरथर थोडी उशिरा येऊ लागली. केळ्यातल्या पोटॅशियममुळे नव्हे, पोटात काहीतरी गेल्यामुळे.

जड वजन एकदाच उचलताना

इथे गणित थोडं निराळं आहे, कारण मोठी युनिटं पहिल्या क्षणापासून कामाला असतात आणि राखीव काही उरत नाही. 1983 साली ब्रेंडा बिगलँड-रिची या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी लोकांना अंगठ्याचा स्नायू पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायला लावला. युनिटांचा वेग सेकंदाला सुमारे 27 संदेशांवरून 15 वर आला. दमलेला स्नायू सैलही हळू पडतो, त्यामुळे कमी संदेशांतही झटके बऱ्यापैकी जुळून राहतात. तरी बार मध्येच थरथरला आणि वर जाण्याचा वेग मेला, तर पुढची आवर्तनं सोडून द्यावीत. बेंच प्रेससारख्या व्यायामात तर मागे कुणी उभं असल्याशिवाय त्या टोकाला जाऊच नये.

ही थरथर श्रमाची नाही, हे कसं ओळखायचं

श्रमाची थरथर वजन सोडल्यावर काही मिनिटांत निवते. गड उतरून आल्यावर पाय संध्याकाळभर, कधी दुसऱ्या दिवशीही लटपटतात, तेही समजण्यासारखं आहे. उतारावर तंतू ताणले जात असताना ब्रेक लावतात, त्यांना सूक्ष्म इजा होते आणि ती भरायला दिवस लागतात. पण हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना कापत असेल, कंप एकाच बाजूला असेल, वजन घटतंय आणि छातीत धडधडतंय असं सोबत असेल, तर व्यायामाचं वेळापत्रक बदलून उपयोग नाही. आधी डॉक्टरांकडून थायरॉइड आणि मज्जासंस्था तपासून घ्यावी. आणि अति व्यायामानंतर स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात अडकत असतं, आणि तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो.