टॅरोची वही: कार्ड काढण्याआधीचा आकडा

टॅरो शिकायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो वही ठेवण्याचा. रोज एक कार्ड काढायचं, त्याचं चित्र पाहून काय वाटलं ते लिहायचं, रात्री दिवसाशी ताडून पाहायचं. ७८ कार्डांची ओळख व्हायला ही पद्धत छान आहे. पण आपलं रीडिंग खरं ठरतं का, हे त्या वहीतून कळत नाही, कारण तिथे जवळपास सगळंच खरं ठरतं. सकाळी थ्री ऑफ स्वॉर्ड्स आलं, हृदयात तीन तलवारी. संध्याकाळी कुणी तिरकस बोललं तरी जुळलं, जुनी आठवण येऊन मन उदास झालं तरी जुळलं, दवाखान्यात इंजेक्शन घेतलं तरी जुळलं.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात ‘तुमचं वर्णन’ ठेवलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं, त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वही प्रामाणिक हवी असेल तर ही गोष्ट आधी पचवावी लागते. ‘मोठा बदल येतोय’, ‘एक व्यक्ती मन दुखावेल’ ही वाक्यं चुकूच शकत नाहीत, म्हणून तपासणीच्या वहीत त्यांना जागा नाही.

माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी असतात: तारीख, हो किंवा नाही असं उत्तर निघणारा प्रश्न, मुदत, कार्ड आणि दोन आकडे. यातले दोन आकडे महत्त्वाचे. पत्ते पिसण्याआधी, निव्वळ समोरची परिस्थिती पाहून ती गोष्ट घडण्याची शक्यता मला किती टक्के वाटते, तो पहिला आकडा. कार्ड पाहून, त्याचा अर्थ लावून झाल्यावरचा दुसरा. रीडरला माणूस दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, त्याची हकिकत माहीत असते. एवढ्यावरूनच बरेच अंदाज बरोबर येतात आणि त्याचं श्रेय कार्डांना जातं. दोन आकडे लिहिले की कार्डांनी नेमकी किती भर घातली ते वेगळं काढता येतं.

एक नोंद सविस्तर सांगते. माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे. ती बदलीच्या ऑर्डरची वाट पाहत होती. प्रश्न लिहिला: ‘३१ मेपर्यंत ऑर्डर तिच्या हातात पडेल का?’ आदल्या वर्षी ऑर्डर उशिरा आल्या होत्या हे मला ठाऊक होतं, म्हणून आधीचा आकडा ४० टक्के. कार्ड आलं एट ऑफ वाँड्स. पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या रायडर डेकसाठी काढलेल्या चित्रात आठ काठ्या आकाशातून झेपावत खाली येताना दिसतात आणि त्याचा रूढ अर्थच वेग, बातमी, हालचाल असा लावतात. याहून अनुकूल कार्ड कुठलं असणार? नंतरचा आकडा लिहिला ६५ टक्के.

ऑर्डर आली ६ जूनला. मैत्रिणीचा आनंदाने फोन आला, “तुझं कार्ड खरं ठरलं गं, आली एकदाची!” तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. वहीत मात्र ‘नाही’ असंच लिहायचं, कारण मुदत ३१ मेची होती. वहीची खरी परीक्षा अशाच नोंदींत होते. सहा दिवस आज माफ केले तर पुढच्या वेळी सोळा माफ होतील.

गुण देण्यासाठी मी ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पावसापाण्याचे अंदाज तपासायला मांडलेली रीत वापरते. घटना घडली तर १, नाही घडली तर ०. आपला आकडा दशांशात लिहायचा, दोन्हींतला फरक काढायचा आणि त्याचा वर्ग करायचा. इथे घटना घडली नाही, म्हणून आधीच्या आकड्याला ०.४० चा वर्ग म्हणजे ०.१६ आणि नंतरच्याला ०.६५ चा वर्ग म्हणजे सुमारे ०.४२. जितका कमी तितका अंदाज चांगला. डोळे मिटून प्रत्येक वेळी ५० टक्के लिहिणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, तेव्हा त्याहून वर गेलेली सरासरी ही काहीच न सांगण्यापेक्षा वाईट. या एका नोंदीत कार्डाने माझा अंदाज बिघडवला. पण एका नोंदीवरून निकाल लावायचा नाही. महिनाअखेरीला दोन्ही रकान्यांची सरासरी काढायची आणि असे काही महिने जाऊ द्यायचे.

घाई का नको? समजा २० प्रश्न असे होते की दोन्ही बाजूंना सारखीच शक्यता. त्यातली १४ उत्तरं बरोबर आली तर कुणीही हरखून जाईल. पण नुसतं नाणं उडवूनही १४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळपास ६ टक्के असते. म्हणजे नाणं उडवणारे सतरा जण बसवले तर त्यातल्या एखाद्याला हे सहज जमेल.

वही बिघडते ती बहुतेकदा गुपचूप. कार्ड आवडलं नाही म्हणून ‘स्पष्टीकरणासाठी’ आणखी एक काढलं जातं आणि अर्थ दुसऱ्यावर टेकवला जातो. तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा विचारला जातो. उलटं कार्ड वाचायचं की सरळ करून घ्यायचं, हे कार्ड पाहिल्यावर ठरतं. हे नियम पहिल्या पानावर लिहून मोकळं व्हावं. पानांना क्रमांक घालावेत, शाईने लिहावं आणि मुदतीची तारीख त्याच क्षणी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकावी, नाहीतर फक्त जुळलेली रीडिंग्ज आठवतात आणि बाकीची तशीच पडून राहतात. ज्याचा निकाल आपल्याच हातात आहे असे प्रश्नही नकोत. ‘मी या आठवड्यात भावाला फोन करेन का?’ यात कार्ड भाकीत करत नाही, आपल्याला ढकलतं. दुसऱ्यांची रीडिंग्ज असतील तर नावाऐवजी खूण वापरावी. लोक विश्वासाने फार खासगी गोष्टी सांगतात.

माझ्या वहीत काही महिन्यांनी दोन्ही रकाने जवळजवळ सारखेच आले, नंतरचा थोडा वाईटच. कारण शोधलं तेव्हा दिसलं की सन, स्टार, एट ऑफ वाँड्स अशी उजळ कार्डं आली की मी आकडा भरपूर वर नेते आणि टॉवर आलं की धाडकन खाली. घटना मात्र त्या रंगाप्रमाणे वागत नाहीत. तेव्हापासून ‘अमुक होईल का’ असं विचारणाऱ्याला मी कार्डावरून हो किंवा नाही सांगत नाही. पैसा, आजारपण आणि कोर्टकचेरीबाबत तर मुळीच नाही. ‘या निर्णयात मी कशाकडे काणाडोळा करतेय?’ अशा प्रश्नांसाठी कार्डं अजून काढते. चित्र समोर असलं की माणसं मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव आहे. त्या नोंदींची वही वेगळी आहे आणि तिला गुण देत नाही.

तुमचा नंतरचा रकाना सतत चांगला येत असेल तर पुढची पायरी घ्या. पाच ओळखीच्यांसाठी, ते समोर नसताना, एकाच स्प्रेडने, म्हणजे कार्डं मांडायच्या एकाच पद्धतीने, रीडिंग करा. नावं, वय, व्यवसाय गाळून ती टाइप करा. मग प्रत्येकाला पाचही कागद द्या आणि स्वतःचा कोणता ते ओळखायला सांगा. कुठला कागद कुणाचा, याची यादी तिसऱ्याच माणसाकडे ठेवा, म्हणजे तुमच्या चेहऱ्यावरूनही काही कळणार नाही. निव्वळ नशिबाने पाचांतला सरासरी एक बरोबर ओळखतो, म्हणून एक-दोन जुळले तर त्याला यश म्हणू नका. नव्या पाच जणांबरोबर पुन्हा करा आणि सगळ्या फेऱ्यांचा हिशेब एकत्र धरा.