सबस्क्रिप्शन बंद करताना येणाऱ्या ऑफर: या चुका टाळा

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं एक घर धरा. मुलीसाठी घेतलेलं इंग्रजी शिकवणारं ॲप, महिना ४०० रुपये, पैसे यूपीआय ऑटोपेने दर १४ तारखेला कापले जातात. मुलीने ॲप उघडणं केव्हाच सोडलंय. आई ते बंद करायला बसते आणि पाच मिनिटांनी 'तीन महिने निम्म्या दरात' घेऊन उठते. हे कसं होतं ते पडद्यागणिक बघू.

कारण विचारतात तिथे मन मोकळं करणं

रद्द करायला गेलं की पहिला प्रश्न असतो 'का सोडताय?' हा प्रश्न अभिप्रायासाठी असतोच, पण बहुतेक ठिकाणी पुढचा पडदा कोणता यायचा ते इथेच ठरतं. 'महाग आहे' निवडलं की सवलत येते. 'वापर होत नाही' म्हटलं की थोडे दिवस थांबवून ठेवायचा पर्याय येतो, आणि 'नीट चालत नाही' म्हटलं की चॅटवर माणूस हजर. 'इतर' निवडा, रकाना रिकामा सोडता आला तर सोडा. वाद घालायला हाताशी काही नसलं की वाट बहुधा आखूड होते.

सवलतीचा हिशेब त्यांच्या बाजूने करणं

'६०० रुपयांची बचत!' असं पडद्यावर येतं. ही बचत १,२०० रुपयांतून मोजलेली असते. पण आई बंद करायला बसली होती, म्हणजे तिचा पुढचा खर्च शून्य होता. ऑफर घेतली की तीन महिन्यांचे ६०० रुपये जातील, आणि चौथ्या महिन्यात आपोआप पुन्हा ४०० कापले जातील, कारण सवलत संपली तरी ऑटोपे चालूच राहतो. एक महिना लक्षात राहिलं नाही की झाले हजार रुपये, तेही न उघडलेल्या ॲपसाठी.

आपल्याला एकच प्रश्न विचारायचा: हे ॲप आज घरात नसतं, तर २०० रुपयांना नव्याने घेतलं असतं का? रोज वापर असेल आणि फक्त किंमत खुपत असेल, तर ऑफर खुशाल घ्यावी. मात्र सवलत संपायच्या तीन दिवस आधीचं रिमाइंडर त्याच बैठकीत लावावं. 'ही संधी पुन्हा नाही' याला फारसा अर्थ नसतो. सोडून गेलेल्या ग्राहकांना पुन्हा बोलावणारे मेल अनेक कंपन्या पाठवतात.

'थांबवून ठेवा' हा पर्याय दिसायला निरुपद्रवी, पण मुदत संपली की वसुली आपोआप सुरू होते. त्याला रद्द करणं समजू नका.

मोठं बटण दाबून सुटलो असं वाटणं

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात. इंदुरात अनेकांचे फोन हिंदीत असतात. पडद्यावर रंगीत, ठळक बटण असतं 'सदस्यता जारी रखें', आणि खाली बारीक, करड्या अक्षरांत 'फिर भी रद्द करें'. घाईत बोट रंगावर जातं. काही जण ऑफर नाकारून ॲप बंद करतात आणि काम झालं समजतात. शेवटचा 'होय, रद्द करा' राहूनच गेलेला असतो.

झालं की नाही हे तीन खुणांवरून कळतं: रद्द झाल्याचा मेल किंवा मेसेज येतो, खात्यात 'पुढील नूतनीकरण' ऐवजी 'अमुक तारखेपर्यंत वैध' दिसतं, आणि शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे असतो. पहिल्या दोन खुणा नसतील तर पुन्हा आत जा. ॲप फोनमधून काढून टाकल्याने वसुली थांबत नाही. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून रद्द करावं लागतं.

चॅटवर कुणी ऑफर लावून धरली तर कारणं देत बसू नका. हेच वाक्य पुन्हा पाठवा: 'ऑफर नहीं चाहिए, कैंसिल कीजिए और कन्फ़र्मेशन मेल भेजिए।'

ऑटोपे तसाच ठेवणं

रद्द झाल्यावर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे विभागात जा, त्या कंपनीचा मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, अजून चालू दिसला तर तोही रद्द करा. फक्त एवढंच करून मूळ सबस्क्रिप्शन तसंच चालू ठेवू नका. वार्षिक करार असेल तर थकबाकीचा तगादा मागे लागू शकतो. अशा ऑटोपेत पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. रद्द केल्यानंतरही ती आली, तर काहीतरी अर्धवट राहिलंय, आणि एक दिवस हातात आहे.

रद्द करायची वाटच सापडत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी १३ फसव्या रचना अनुचित ठरवल्या आहेत. त्यांत बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं आणि 'नको, मला मुलीच्या शिक्षणाची पर्वा नाही' अशा धाटणीची लाजवणारी बटणं, दोन्ही येतात. तक्रार करताना प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट क्रमाने जोडा.