उतरत्या डोसची चिठ्ठी वाचताना या चुका टाळा

चिठ्ठी काउंटरवर ठेवून "या सगळ्या रोज घ्यायच्या का हो?" असं विचारणारा माणूस मला आवडतो. भीती वाटते ती न विचारता जाणाऱ्याची.

दमा बळावला, अंगावर मोठी ॲलर्जी उठली, की डॉक्टर बऱ्याचदा प्रेडनिसोलोन देतात. हे स्टेरॉइड. सुरुवातीला जास्त, मग दर काही दिवसांनी एकेक गोळी कमी. चिठ्ठीवर १० मिलिग्रॅमच्या गोळीखाली चार ओळी असतात: ४-०-० पाच दिवस, ३-०-० पाच दिवस, २-०-० पाच दिवस, १-०-० पाच दिवस, नंतर बंद.

पहिली गफलत इथेच होते. चिठ्ठीवर एरवी प्रत्येक ओळ म्हणजे वेगळं औषध, म्हणून काही जण चारही ओळी एकाच दिवशी धरतात. चार, तीन, दोन, एक मिळून दिवसाला दहा गोळ्या! या ओळी एकामागून एक येतात. पहिली संपली की दुसरी. आणि ४-०-० म्हणजे दिवसातून चार वेळा नव्हे. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. म्हणजे चारही गोळ्या सकाळी, नाश्त्यानंतर, एकदम. "एकदम चार जड जातील" म्हणून दोन रात्रीवर ढकलल्या की झोप उडते आणि मग तक्रार घेऊन लोक माझ्याकडेच येतात.

काही डॉक्टर दिवस "५/७" असे लिहितात. ही ५ जुलै तारीख नाही, "५ दिवस" लिहायची जुनी डॉक्टरी पद्धत आहे. तशीच "२/५२" म्हणजे दोन आठवडे. अर्ध्या गोळीचा १/२ घाईच्या अक्षरात कधी १-२ दिसतो. शंका आली तर अंदाज बांधू नका, दुकानातून डॉक्टरांना फोन करायला सांगा.

सगळ्यात जास्त फसवते ती तारीख. एका आजींचा मुलगा औषध घेऊन गेला. सुरुवात १२ मार्चला. त्याने १२ मध्ये ५ मिळवले, १७ आले, आणि कॅलेंडरवर १२ ते १७ अशी रेघ ओढली. मोजून बघा, हे सहा दिवस झाले. पाच दिवस १६ ला संपतात, कारण पहिला दिवसही धरायचा. पुढची पायरीही त्याने तशीच सहा दिवसांची केली. मी दिल्या होत्या बरोबर ५० गोळ्या: २०, १५, १० आणि ५. पहिल्या सहा दिवसांत २४ गेल्या, पुढच्या सहांत १८, उरल्या आठ. दोन-दोन करत त्या २७ मार्चला संपल्या. एका गोळीची पायरी आलीच नाही; रोजच्या दोन गोळ्यांवरून आजी थेट शून्यावर आल्या. घरच्यांना वाटलं कोर्स पूर्ण झाला.

असं अचानक तोडलं तर दमा पुन्हा उसळू शकतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलं असेल तर आणखी एक अडचण असते. बाहेरून मिळतंय म्हणून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ लागतो. मग उठताना चक्कर, गळून जाणं, मळमळ, उलट्या. ही लक्षणं दिसली तर वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

म्हणून दुकानातून निघण्याआधीच तारखा लिहून घ्या. इथे १२ ते १६ चार, १७ ते २१ तीन, २२ ते २६ दोन, २७ ते ३१ एक. मग गोळ्यांची बेरीज बिलातल्या संख्येशी जुळते का बघा. जुळली नाही तर चूक आत्ताच सापडते. बिलावरच स्ट्रिपवरची ताकदही तपासा: १० ऐवजी २० मिलिग्रॅमची स्ट्रिप आली तर त्याच चार गोळ्यांत ४० ऐवजी ८० मिलिग्रॅम पोटात जातील. दुसऱ्यांदा औषध आणताना ही चूक सहज होते, कारण माणूस चिठ्ठी न आणता रिकामी पट्टी दाखवतो आणि दुकानात त्या दिवशी वेगळी ताकद असते.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्टेरॉइडने साखर चढते, आणि गोळ्या कमी होत जातील तशी वाढवलेली इन्सुलिनही पुन्हा खाली आणावी लागू शकते.

सकाळचा डोस विसरलात आणि त्याच दिवशी आठवला, तर तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवला तर दुप्पट करू नका, त्या दिवसाचाच घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. आणि ३१ तारखेला पट्टीत गोळी शिल्लक दिसली तर ती संपवायची म्हणून १ एप्रिलला घेऊ नका. कुठला तरी डोस चुकला आहे. तो कुठला, ते तारखांच्या कागदावर शोधा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.